कडा आधी, गुणोत्तर नंतर

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, स्लॅब वन वे की टू वे हे कसे ठरवायचे? उत्तर तोंडपाठ असते. लांब बाजूला आखूड बाजूने भागायचे. भागाकार दोनपेक्षा जास्त आला तर वन वे, दोन किंवा कमी आला तर टू वे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. त्याच्या आधी एक अट आहे आणि वर्गातून साइटवर येईपर्यंत ती कुठेतरी गळून पडते. ती अट अशी : स्लॅब चारही कडांवर टेकलेला असला पाहिजे. तो तसा टेकलेला नसेल तर भागाकार करण्यात काही अर्थच नाही.

ही पुस्तिका त्या गळलेल्या अटीपासून सुरू होते. म्हणून या प्रस्तावनेतही सूत्रांच्या आधी कडांबद्दल बोलतो.

एका फार्महाउसवरच्या खोलीचे उदाहरण मला कायम आठवते. खोली चार मीटर बाय चार मीटर, अगदी चौरस. डावी-उजवीकडे नऊ इंची भिंती. पुढे आणि मागे मात्र मालकांना पूर्ण रुंदीच्या सरकत्या खिडक्या हव्या होत्या, आणि खिडकीवर बीम दिसायला नको होता. ड्रॉइंगवर स्लॅबवर ‘टू वे’ लिहिले होते, कारण चार भागिले चार म्हणजे एक. दोन्ही दिशांना सारखीच सळी, सुबक जाळी. वर्ष-दीड वर्षाने मला बोलावणे आले ते स्लॅबसाठी नव्हे. मागची खिडकी सरकत नाही, चौकट दबली आहे, अशी तक्रार होती. खिडकीवाल्याने दोनदा रंधा मारला होता. छताकडे पाहिले तर खालच्या अंगाला, दोन्ही भिंतींच्या बरोबर मधोमध, भिंतींना समांतर असा एक तडा या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सरळ गेला होता. स्लॅब आपले म्हणणे सांगत होता : मला दोनच भिंती आहेत, मी एकाच दिशेने वाकतो आहे.

हिशेब केला तर कारण लगेच दिसते. चार कडांवर टेकलेल्या, कोपरे धरून ठेवलेल्या चौरस स्लॅबसाठी आयएस 456 : 2000 मधला गुणांक 0.056 आहे. समोरासमोरच्या दोनच भिंतींवर टेकलेल्या पट्टीसाठी तो एक अष्टमांश, म्हणजे 0.125. भार तोच, गाळा तोच, पण प्रत्यक्षातली मोमेंट धरलेल्या मोमेंटच्या सव्वादोन पट. वर निम्मी सळी अशा दिशेने टाकलेली, जिकडे तिला फारसे कामच नव्हते. त्या खोलीत शेवटी दोन्ही खिडक्यांवर लोखंडी गर्डर घालावे लागले, म्हणजे जो बीम नको होता तोच नंतर आला, महागात आणि उघडा.

म्हणून पहिला प्रश्न गुणोत्तराचा नाही. पहिला प्रश्न असा की ही कड खरोखर कशावर बसली आहे? नंतर बांधलेली चार इंची पार्टिशन हा टेकू नव्हे. स्लॅबच्याच जाडीत लपवलेला, नुसत्या जादा सळ्यांचा कन्सील्ड बीम हाही टू वे च्या तक्त्याला अभिप्रेत असलेला टेकू नव्हे, कारण तो स्लॅबबरोबरच खाली वाकतो. तक्ता धरून चालतो की चारही कडा जागच्या हलत नाहीत. जिथे कड हलते तिथे तक्त्याचे आकडे लागू पडत नाहीत.

आता समजा चारही कडा पक्क्या आहेत. मग मात्र गुणोत्तर बोलू लागते, आणि ते का बोलते हे एकदा समजले की पाठांतर करावे लागत नाही. नवारीची बाज डोळ्यांसमोर आणा. आडव्या आणि उभ्या पट्ट्या एकमेकींत विणलेल्या आहेत. मधे बसलेल्या माणसाचे वजन दोन्ही पट्ट्यांवर येते, पण दोघींना खाली मात्र सारखेच जावे लागते, कारण त्या विणीने बांधलेल्या आहेत. नवार ओढीने भार घेते आणि स्लॅब वाकून घेतो, एवढा फरक आहे. पण सारखे खाली जाण्याची सक्ती दोन्हीकडे एकच. स्लॅबच्या मध्यातून एक मीटर रुंदीची एक आखूड पट्टी आणि एक लांब पट्टी कापली आहे असे समजा. समान भाराखाली पट्टीचा झोक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी दुप्पट झाली की झोक सोळा पट. मधल्या बिंदूवर दोघींचा झोक सारखा ठेवायचा तर लांब पट्टीने आखूड पट्टीच्या एक सोळांशच भार घेतला पाहिजे. रँकिन आणि ग्राशॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत एवढीच आहे. गुणोत्तर r धरले तर आखूड दिशेचा वाटा असा :

```
wx = w · r⁴ / (1 + r⁴)
```

चौरस स्लॅबमध्ये दोन्ही दिशा निम्मा-निम्मा भार घेतात. गुणोत्तर दीड झाले की आखूड दिशेकडे सुमारे 84 टक्के जातो. दोन झाले की सतरातले सोळा भाग, म्हणजे 94 टक्के. उरलेल्या 6 टक्क्यांसाठी वेगळा हिशेब करत बसू नये, असे ठरवून दोनवर रेघ मारली आहे. ती रेघ माणसाने सोयीसाठी आखली, काँक्रीटला ती माहीत नाही. 1.95 चा स्लॅब आणि 2.05 चा स्लॅब जवळजवळ एकसारखेच वागतात. म्हणूनच या पुस्तिकेत दोनच्या आसपासची गणिते मुद्दाम दोन्ही पद्धतींनी सोडवली आहेत. वाचकाने ती शेजारी ठेवून पाहावीत. साध्या टेकलेल्या स्लॅबसाठी कोपरे धरलेल्या तक्त्यात दोनला 0.107 मिळतो आणि रेघ ओलांडताच वन वे म्हणून 0.125 धरावा लागतो. ही उडी कागदावरची आहे, हे लक्षात असले म्हणजे पुरे.

रेघ कागदावरची आहे हे विसरल्याची खूण गच्चीवर दिसते. तीन मीटर रुंद आणि सात मीटर लांब स्लॅब, चारही बाजूंना बीम. गुणोत्तर 2.33, म्हणून वन वे. आखूड दिशेने मेन बार, लांब दिशेने फक्त डिस्ट्रिब्यूशनची सळी, तीही खालच्या अंगाला. हिशेब बरोबर आहे. पण आखूड बीमच्या अगदी जवळचा स्लॅबचा भाग काही वन वे नाही. तिथून आखूड बीम हाकेच्या अंतरावर आहे, आणि तो भाग त्या बीमवरही टेकतो. शेजारचा स्लॅबही त्याच बीमवरून पुढे जात असेल, तर बीमवर वरच्या अंगाला ताण येतो आणि तो घ्यायला वर सळीच नसते. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बीमच्या रेघेवरून गळती सुरू होते. वॉटरप्रूफिंगवाला येतो, कोबा फोडतो, पुन्हा करतो, पुन्हा गळते. गळतीची रेघ बीमला समांतर आणि त्याच्या डोक्यावरच असेल तर दोष कोब्यात शोधू नये. वन वे स्लॅबच्या आखूड कडांवरही वरून सळी द्यावी. हिशेबात तिचा आकडा निघत नाही म्हणून ती सोडून देऊ नये.

दिशा ठरली की मोमेंट काढायची. वन वे असेल तर काम सरळ आहे. किमान तीन गाळे, त्यांच्या लांबीत सर्वांत मोठ्या गाळ्याच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही आणि भार सर्वत्र सारखा पसरलेला, एवढे असले की तक्ता 12 चे गुणांक वापरता येतात. नसेल तर गाळ्यांचा रीतसर हिशेब करावा. यावर पुस्तिकेत एक प्रकरण आहे आणि ते लहानच आहे, कारण तिथे घोटाळे कमी होतात. घोटाळे टू वे मध्ये होतात, आणि तेही गुणाकारात नव्हे, तक्त्याची ओळ निवडण्यात.

टू वे साठी आयएस 456 च्या परिशिष्ट ड मध्ये दोन तक्ते आहेत. तक्ता 27 कोपरे उचलले जाऊ शकतात अशा स्लॅबचा; त्यातले आकडे वर सांगितलेल्या पट्ट्यांच्या हिशेबातूनच निघतात. हवे तर पडताळून पाहा : गुणोत्तर दोनला 16 भागिले 17, त्याला 8 ने भागा, 0.118 येते आणि तक्त्यातही तेच आहे. तक्ता 26 कोपरे दाबून धरलेल्या स्लॅबचा, नऊ प्रकारच्या कडांसाठी. दोन तक्त्यांत फरक किती पडतो? गुणोत्तर दीड, चारही कडा सुट्या : कोपरे मोकळे असतील तर 0.104, धरलेले असतील तर 0.089. कोपरा धरला की स्लॅबला पिळले जाऊन भार घेता येतो आणि मधली मोमेंट कमी होते. पण ही सूट फुकट नाही. तिची किंमत कोपऱ्यात जाळीच्या रूपाने मोजावी लागते. तक्ता 26 चा गुणांक घेऊन कोपऱ्याची जाळी विसरणे म्हणजे पगार घेऊन कामावर न जाणे.

आता एक गणित पूर्ण पाहू. एका निवासी इमारतीतला हॉलचा स्लॅब. प्रभावी गाळे 3.6 मीटर आणि 5.4 मीटर, गुणोत्तर 1.5, चारही बाजूंना भरभक्कम बीम. जाडी 125 मिलिमीटर, म्हणजे स्वतःचे वजन चौरस मीटरला सुमारे 3.1 किलोन्यूटन. फरशी आणि तिच्याखालचा थर धरून 1, राहत्या घराचा चल भार 2. बेरीज 6.1 च्या थोडी वर; दीडने गुणले की 9.2. तक्ता 26 मधला प्रत्येक गुणांक, मग तो आखूड दिशेचा असो की लांब दिशेचा, याच भाराने आणि आखूड गाळ्याच्या वर्गाने गुणायचा असतो. 9.2 गुणिले 3.6 चा वर्ग, म्हणजे सुमारे 119. हा आकडा एकदा काढून ठेवला की पुढे फक्त गुणांक बदलतात.

प्लॅनवर एक आखूड कड इमारतीच्या बाहेरच्या बाजूला होती, बाकी तिन्ही कडांपलीकडे घराच्याच खोल्या. डिझाइन करणाऱ्याने ओळ निवडली : ‘एक आखूड कड खंडित’. गुणांक 0.057 आणि 0.044, म्हणजे आखूड दिशेने टेकूवर 6.8 आणि मध्यावर 5.2 किलोन्यूटन मीटर, दर मीटर रुंदीला. एम 25 काँक्रीट आणि 500 च्या सळीत टेकूवर साधारण 160 चौरस मिलिमीटर सळी लागते. 8 मिलिमीटरची सळी 300 अंतरावर टाकली की 168 मिळते. सर्वत्र तीच दिली होती. ड्रॉइंग स्वच्छ होते.

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी जाळीवर उभा होतो. एका लांब कडेला वरच्या सळ्या बीमपाशी येऊन खाली वाकवलेल्या दिसल्या. फिटरला विचारले, या पुढे का नेल्या नाहीत? तो म्हणाला, “साहेब, पुढे कुठे नेऊ? पलीकडे संक आहे.” खरेच होते. त्या 5.4 मीटरच्या कडेपलीकडे दोन टॉयलेट आणि मधे डक्ट होता. टॉयलेटचे स्लॅब 300 मिलिमीटर खाली सोडलेले, डक्ट तर उघडाच. प्लॅनवर ती खोली होती; सळीच्या दृष्टीने तिथे काहीच नव्हते. हॉलच्या स्लॅबची वरची सळी ज्या काँक्रीटमध्ये जायची ते काँक्रीट फूटभर खाली होते.

म्हणजे ओळ बदलली : ‘लगतच्या दोन कडा खंडित’. गुणांक 0.075 आणि 0.056. टेकूवरची मोमेंट 6.8 वरून 8.9 झाली, मध्यावरची 5.2 वरून 6.7. लांब दिशेचे आकडेही 0.047 आणि 0.035 झाले. इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की मध्यावर काही बिघडले नव्हते. आधीच्या हिशेबात खाली 122 चौरस मिलिमीटर पुरत होते, पण किमान सळीच्या नियमाने 150 द्यावे लागले आणि 300 च्या अंतराने 168 मिळाले; नव्या हिशेबाला 157 हवे होते. किमान सळीने सांभाळून घेतले. टेकूवर मात्र 213 हवे होते आणि होते 168. कमतरता कुठे होती? संकच्या कडेला नाही. समोरच्या लांब कडेला, बेडरूमच्या बाजूच्या बीमवर, जिथे कोणाचेच लक्ष नव्हते. एका कडेने हात सोडला की समोरच्या कडेवर जास्त ओढ येते, आणि बाजूच्या अखंड आखूड कडेवरही थोडी. तपासायला गेलेला माणूस संकच्या बीमपाशीच घुटमळतो. त्याने वळून समोर पाहायला हवे.

त्या रात्री बेडरूमच्या बीमवरच्या वरच्या सळ्या सोडून 225 अंतरावर पुन्हा बांधल्या. त्याने 223 मिळाले. बाहेरची आखूड कड आणि संकची लांब कड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात जाळी नव्हतीच, ती टाकली. मध्यावरच्या 157 च्या तीन चतुर्थांश, म्हणजे 118 चौरस मिलिमीटर प्रत्येक थरात, वर दोन थर आणि खाली दोन, कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना आखूड गाळ्याच्या एक पंचमांशापर्यंत, म्हणजे 72 सेंटिमीटर. जिथे एकच कड खंडित होती त्या दोन कोपऱ्यांत याच्या निम्मी. चौथ्या कोपऱ्यात दोन्ही कडा अखंड, तिथे गरज नाही. पहाटेपर्यंत काम झाले आणि सकाळी ठरल्या वेळी काँक्रीट सुरू झाले.

चूक मोठ्या गणितात नव्हती. ती ‘पलीकडे खोली आहे’ या तीन शब्दांत होती. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये संक, डक्ट, लिफ्टचा खड्डा, जिन्याचा उघडा भाग आणि खाली सोडलेली टेरेस इतकी सर्रास असतात की आर्किटेक्टच्या प्लॅनवरून अखंडता ठरवणे धोक्याचे आहे. ती स्लॅबच्या पातळ्या लिहिलेल्या प्लॅनवरून ठरवावी.

तक्त्यातून आकडा घेताना चुकलो तर कळणार कसे? दोन खुणा मी नेहमी वापरतो. पहिली : अखंड कडेवरची मोमेंट मध्यावरच्या मोमेंटच्या एक पूर्णांक एक तृतीयांश असते, तक्त्याच्या प्रत्येक ओळीत. 0.075 आणि 0.056 घ्या किंवा 0.047 आणि 0.035, तेच प्रमाण दिसेल. हे प्रमाण बसत नसेल तर बोट शेजारच्या ओळीवर घसरले आहे. दुसरी : तक्ता 26 वापरताना मध्यावर लांब दिशेची मोमेंट आखूड दिशेपेक्षा जास्त येऊ शकत नाही. ती जास्त आली, तर कोणीतरी गुणांकाला लांब गाळ्याच्या वर्गाने गुणले आहे. वरच्याच गणितात 0.035 ला 5.4 च्या वर्गाने गुणले असते तर 4.2 ऐवजी 9.4 आले असते, आणि सळी चुकीच्या दिशेला दुपटीहून जास्त गेली असती.

एवढे करूनही एक गोष्ट साइटवरच ठरते : कुठली सळी खाली. आखूड दिशेची मोमेंट मोठी, म्हणून आखूड दिशेची सळी सर्वांत खालच्या थरात हवी. 125 च्या स्लॅबमध्ये 20 चे कव्हर आणि 8 ची सळी धरली तर खालच्या थराला 101 मिलिमीटर खोली मिळते, वरच्याला 93. थर उलटे बांधले गेले तर आखूड दिशेची ताकद आठ टक्क्यांनी घटते, आणि वरून पाहताना जाळी तितकीच सुबक दिसते. वाकून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

ही पुस्तिका वाचताना शेजारी स्वतःच्या साइटचा एखादा प्लॅन ठेवा. प्रत्येक स्लॅबच्या प्रत्येक कडेवर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा : खाली काय आहे, पलीकडे काय आहे, आणि पलीकडच्या स्लॅबची पातळी किती आहे. चारही कडा लिहून झाल्या की मगच भागाकार करा.